अडतीस मिलीमीटर

आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर पिशवी घेऊन घरी निघालेल्या माणसाच्या फायलीत औषधांच्या चिठ्ठीमागे एक सूचनापत्रक असतं. पिशवी कशी बदलायची, कातडी कशी जपायची, खायचं काय, असे तीन मथळे त्यावर असतात. पुष्कळदा ते इंग्रजीत असतं, छापील असतं आणि सगळ्यांना एकच असतं. माझ्या मते त्या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट छापून येऊच शकत नाही, ती पेनाने लिहावी लागते. पोटाला चिकटणाऱ्या चकतीला भोक किती मिलीमीटरचं पाडायचं, हा तो आकडा. शेजारी तारीखही हवी, कारण तो आकडा पहिल्या दोन महिन्यांत बदलत जातो. हे न सांगितल्यामुळे घराघरांत काय होतं, ते एका उदाहरणाने सांगतो. उदाहरणातली माणसं कुणी एक नव्हेत. अनेकांचं मिळून ते बनलं आहे, पण त्यातला प्रत्येक तपशील खऱ्या घरांत घडतो.

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत राहणारे काका, वय अठ्ठावन्न, मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. उभा जन्म तुर्भ्याच्या मार्केट यार्डात पोती उचलण्यात गेला. गुदाशयाचा कॅन्सर निघाला, तोही अगदी खाली, गुदद्वाराला लागून. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं अ‍ॅक्ट्रेक आहे, शिवाय वाशी, नेरूळ, पनवेलला मोठी रुग्णालयं आहेत. त्यामुळे या आजारासाठी हल्ली प्रत्येक वेळी परळ गाठावं लागत नाही. गाठ इतकी खाली असली की बऱ्याचदा गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढावं लागतं. लंडनच्या विल्यम अर्नेस्ट माइल्स यांनी 1908 साली या ऑपरेशनची पद्धत मांडली. यंत्रं बदलली, तरी मुळातला विचार तोच राहिला आहे. मोठ्या आतड्याचं उरलेलं टोक पोटाच्या डाव्या बाजूला, बेंबीच्या थोडं खाली बाहेर काढतात, उलटं दुमडून कातडीला शिवतात. हीच कोलोस्टॉमी. बाहेर दिसणाऱ्या आतड्याच्या तोंडाला स्टोमा म्हणतात. काकांची कोलोस्टॉमी कायमची आहे. आतडं फाटून किंवा अपघाताने ज्यांना ती करावी लागते, त्यांची काही महिन्यांनी बंदही होऊ शकते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टरनी काकांना खुर्चीत बसवून, वाकायला लावून, उभं करून पोटावर पेनाने खूण केली होती. काकांना तेव्हा ते चमत्कारिक वाटलं. पण आडव्या झोपलेल्या माणसाचं पोट सपाट असतं, बसल्यावर त्याला घड्या पडतात. स्टोमा नेमका घडीत आला तर कुठलीच चकती नीट बसत नाही. लेंग्याची नाडी कुठे येते, साडीच्या निऱ्या कुठे खोचतात, हेही त्याच वेळी बघायचं असतं. काकांची खूण चांगली पडली होती. पुढे जो त्रास झाला, त्याचं कारण वेगळं होतं.

स्टोमा लाल आणि ओलसर असतो, ओठाच्या आतल्या बाजूच्या रंगाचा. त्याला दुखण्याची जाणीव नसते. पुसताना रक्ताचा एखादा थेंब लागला तर घाबरायचं कारण नाही. ऑपरेशननंतर तो सुजलेला असतो आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत आक्रसत कायमच्या मापावर येतो. काका घरी निघाले तेव्हा त्यांचा स्टोमा 36 मिलीमीटर रुंद होता. चकतीचं भोक त्याहून दोन-तीन मिलीमीटर मोठं असावं लागतं. त्याहून घट्ट असेल तर कड आतड्याला काचते, सैल असेल तर मधली कातडी उघडी राहते. सिस्टरनी 38 मिलीमीटरचा गोल पुठ्ठ्यावर कापून काकूंच्या हाती दिला आणि म्हणाल्या, ‘‘मावशी, हे माप ठेवून घ्या.’’ काकूंनी ते देवाच्या फोटोमागे जपून ठेवलं. सहा आठवड्यांनंतरही त्या त्याच पुठ्ठ्यावरून भोक कापत होत्या. स्टोमा मात्र एव्हाना 28 मिलीमीटरवर आला होता. 38 आणि 28 मध्ये दहाचा फरक, म्हणजे स्टोमाभोवती पाच मिलीमीटर रुंदीचं कातडीचं कडं रात्रंदिवस मळात बुडालेलं. तिथली कातडी सोलवटली आणि तिच्यातून पाणी सुटू लागलं. ओल्या कातडीवर चकती चिकटत नाही, म्हणून मळ आणखी आत झिरपला. चार दिवस टिकणारी चकती दीड दिवसात सुटू लागली. काकूंनी वरून चिकटपट्ट्या लावल्या, पेस्टचे थरावर थर दिले. काका मुलाच्या लग्नाच्या बोलणीलाही गेले नाहीत. एका चकतीला काहीशे रुपये लागतात आणि ती आता दुपटीहून अधिक वेगाने संपत होती.

हे सगळं थांबवायला लागली ती माप घ्यायची एक पट्टी. गोल भोकांची, पारदर्शक किंवा पुठ्ठ्याची ही पट्टी चकत्यांच्या बहुतेक डब्यांत फुकट येते. पहिले दोन महिने दर आठवड्याला मोजायचं, नवा आकडा तारखेसह लिहायचा आणि जुना पुठ्ठा फाडून टाकायचा. स्टोमा गोल नसून लांबट असला तर लांबी आणि रुंदी दोन्ही मोजायच्या आणि पारदर्शक कागदावर त्याचा आकार गिरवून तसंच भोक कापायचं.

आता बदलण्याची रीत. बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात चकती आणि पिशवी जोडलेलीच असते. दुसऱ्यात चकती पोटावर तशीच राहते आणि पिशवी तिच्या कड्यावर डब्याच्या झाकणासारखी दाबून बसवता येते. काकांकडे दुसरा प्रकार होता. पिशवी रिकामी करणं आणि चकती बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे पहिल्याच दिवशी समजून घ्यायला हवं. पिशवी एक तृतीयांश भरली की खालची क्लिप उघडून रिकामी करायची. काठोकाठ भरू दिली तर वजनाने चकती ओढली जाते. चकती मात्र रोज काढायची नसते. थंड, कोरड्या हवेत ती पाच ते सात दिवस टिकू शकते. नवी मुंबईत एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या घामात तीन-चार दिवसांचा हिशेब धरावा. ती सुटायची वाट बघायची नाही, ठरल्या दिवशी आपणच बदलायची. याला एकच अपवाद. चकतीखाली जळजळ किंवा खाज सुटली तर त्याच क्षणी काढायची, मग ती कालच का लावलेली असेना.

बदलायला सकाळची वेळ चांगली, चहाच्याही आधीची. पोटात काही गेलं नसेल तर स्टोमा शांत असतो. सगळं सामान आधी हाताशी मांडून घ्यायचं. नवी चकती आधीच मापाने कापून, भोकाच्या कडेवरून बोट फिरवून ती गुळगुळीत करून ठेवायची. जुनी पिशवी रिकामी करायची. मग चकतीची वरची कड उचलून एका हाताने हळूहळू खाली सोलायची, दुसऱ्या हाताने कातडी दाबून धरायची. आपण चकतीपासून कातडी सोडवतो आहोत, असं मनात ठेवलं तर हात आपोआप हलका पडतो. अडली तर कोमट पाण्याचा बोळा लावायचा. खेचली की कातडीचा पापुद्रा निघतो.

काढलेली चकती लगेच टाकून न देता उलटी करून बघायची, हे शिकवलेलं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे. मागचा चिकट थर कुठे विरघळला आहे, मळाची रेघ कुठपर्यंत गेली आहे, हे तिथे स्पष्ट दिसतं. सगळ्या बाजूंनी सारखंच विरघळलं असेल तर भोक मोठं आहे किंवा दिवस जास्त झाले आहेत. एकाच बाजूला, समजा खाली पाच वाजण्याच्या दिशेला, वाट फुटली असेल तर त्या जागी पोटाला खळगा किंवा घडी आहे. पेस्ट भरायची ती तिथे. पेस्ट म्हणजे गोंद नाही. खळगा बुजवणं एवढंच तिचं काम. काकू चिकटावं म्हणून ती चकतीभर फासत होत्या, त्यामुळे चकती उलट लवकर घसरत होती. पेस्टमध्ये बहुधा अल्कोहोल असतं, म्हणून लावल्यावर मिनिटभर उघडी ठेवायची. सोललेल्या कातडीवर ती झोंबते.

कातडी धुवायला साधं कोमट पाणी आणि मऊ सुती फडका पुरतो. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट काही नको. खोबरेल तेल, क्रीम, टाल्कम पावडर यांतलं तर काहीच नको. घरातल्या कुणीतरी मायेने तेल लावलं की त्या दिवशी चकती टिकणार नाही, हे ठरलेलंच. बदलण्याच्या दिवशी चकती काढून अंघोळ केली तरी चालते, स्टोमातून पाणी आत शिरत नाही. नंतर टिपून, पंख्याखाली बसून कातडी पूर्ण कोरडी होऊ द्यायची. दमट दिवसांत याला पाच-सात मिनिटं लागतात आणि नेमकी इथेच घाई होते. पोटावर केस असतील तर ट्रिमरने बारीक करायचे. वस्तऱ्याने काढले की केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात.

कातडी ओलसर सोलवटली असेल तर त्या जागेवर स्टोमा पावडर भुरभुरायची आणि जास्तीची झटकून टाकायची. जिथे ओल आहे तिथेच ती धरते, बाकीची राहिली तर चकतीच चिकटत नाही. मग नवी चकती तळहातांत मिनिटभर धरून ऊबदार करायची, मागचा कागद काढायचा, खालची कड आधी बसवून वर न्यायची. भोकाच्या कडेपासून बाहेरच्या दिशेने बोटांनी दाबायची आणि तळहात वर ठेवून काही मिनिटं स्वस्थ बसायचं. चिकट थराला ऊब लागते, ती मिळाली नाही तर कडा उचलतात. शेवटी पिशवी लावायची, क्लिप नीट बसली का बघायची. फिरत्या माणसाने पिशवीचं तोंड खाली ठेवावं, अंथरुणाला खिळलेल्याने कुशीच्या बाजूला.

या चिकट थराच्या इतिहासात आपल्याकडचं एक झाड आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रुपर्ट टर्नबुल या सर्जनने 1950च्या दशकात स्टोमाभोवतीची कातडी वाचवायला कराया डिंकाची भुकटी वापरायला सुरुवात केली. ओलावा शोषूनही हा डिंक चिकटून राहतो. तो मिळतो कांडोळ या झाडापासून. पांढऱ्या खोडाचं, पानगळीनंतर रात्री भुतासारखं दिसणारं हे झाड महाराष्ट्रातल्या आणि मध्य भारतातल्या कोरड्या जंगलांत वाढतं आणि कराया डिंकाचा जगाला होणारा पुरवठा मुख्यतः भारतातून झाला. याच टर्नबुलनी 1958 मध्ये नॉर्मा गिल या आपल्याच रुग्णाला, जिच्या स्वतःच्या पोटावर स्टोमा होता, इतर रुग्णांना शिकवण्याच्या कामावर घेतलं. स्टोमा थेरपी हा व्यवसाय तिथून सुरू झाला. आजच्या चकत्यांत पेक्टिन, जिलेटिन यांसारखे पदार्थ असतात, तत्त्व तेच. हा थर उष्णतेने मऊ पडतो, म्हणून चकत्यांचा डबा उन्हाच्या खिडकीत किंवा बंद गाडीत ठेवायचा नाही.

कातडी लाल झाली की ती लाली कुठे आणि कशी आहे, यावरून कारण ओळखता येतं. स्टोमाला लागून कडं उमटलं असेल तर मळ झिरपतो आहे, माप तपासायचं. चकतीचा संपूर्ण आकार लाल छापासारखा उमटला, खाजही असली, तर त्या कंपनीच्या चिकट थराची अ‍ॅलर्जी असू शकते, दुसऱ्या बनावटीची चकती लावून बघावी लागते. लाल चट्टा आणि त्याच्या कडेला विखुरलेले बारीक लाल ठिपके, भरपूर खाज, हे बुरशीचं लक्षण. पावसाळ्यात आणि घामाच्या दिवसांत ती जास्त होते, मधुमेह असेल तर अधिकच. तिला डॉक्टर बुरशीनाशक पावडर देतात. मलम दिलं तर त्याच्या तेलकटपणावर चकती बसणार नाही, हे त्यांना आठवणीने सांगावं.

खाण्याबद्दल घरोघरी सगळ्यात जास्त गोंधळ असतो आणि कारण नसताना असतो. डाव्या बाजूच्या कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याचा बराचसा भाग शाबूत असतो, पाणी शोषलं जातं, मळ बांधून येतो. म्हणजे आयुष्यभराचं पथ्य असं काही नाही. पहिले सहा-आठ आठवडे आतडं सुजलेलं असतं, तेवढे दिवस चोथा कमी ठेवायचा. मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण किंवा खिचडी, दही, ताक, केळं, उकडलेला बटाटा, दुधी, अंडं, मऊ शिजवलेला मासा. थोडं थोडं, पाच वेळा, नीट चावून. त्यानंतर एका वेळी एकच नवा पदार्थ, थोडाच, आणि दोन-तीन दिवस बघायचं. भाकरी मऊ करून, आमटीत कुस्करून आधी घ्यावी. काकांना पावट्याची आमटी सोडवेना. ती दुपारी खाल्ली तर वायू पिशवीत साधारण सहा ते आठ तासांनी येतो, म्हणजे रात्री. हा हिशेब कळल्यावर काका ती फक्त बाहेर जायचं नसेल त्या दिवशी खाऊ लागले. कोबी, फ्लॉवर, मुळा, वाटाणा, हरभरा यांचंही तेच. कांदा, लसूण, अंडी, सुकट, बोंबील यांनी वास वाढतो, ताक आणि दह्याने काहींना तो कमी जाणवतो. क्लिप घट्ट असेल आणि चकती झिरपत नसेल तर वास बाहेर येत नाही. येत असेल तर आधी चकतीची कड तपासावी, जेवण नंतर. वायूने फुगलेल्या पिशवीला टाचणीने भोक पाडणारे पुष्कळ आहेत. मग दिवसभर वास त्याच भोकातून येत राहतो. न्हाणीघरात जाऊन क्लिप उघडावी, वायू सोडावा.

पिशवी भरू नये म्हणून उपाशी राहणं ही आणखी एक चूक. काका खारघरला तपासणीला जाताना आदल्या रात्रीपासून काही खात नसत. रिकाम्या आतड्यात मळ थांबतो पण वायू वाढतो आणि पिशवी फुगते. त्यापेक्षा निघायच्या दोन तास आधी थोडं खावं आणि निघताना पिशवी रिकामी करावी. पाणी आठ-दहा ग्लास हवं, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढं. दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा येतो, बिटाने लाल, तेव्हा पिशवी बघून घाबरण्याआधी काल काय खाल्लं ते आठवावं. जुलाब झाले तर भात, केळं, साबुदाण्याची पेज आणि ओआरएस. दिवाळीच्या फराळाचं म्हणाल तर दोन महिने उलटून गेलेल्यांनी करंजी, लाडू जरूर खावेत. हरभऱ्याची डाळ घातलेली चकली बेताने, आणि चिवड्यातलं सुकं खोबरं, दाणे पीठ होईपर्यंत चावून.

काकांच्या कागदावर एक ओळ होती: वजन उचलू नये. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन जन्म काढलेल्या माणसाला वजन कशाला म्हणायचं? पहिले सहा-आठ आठवडे भरलेली पाण्याची बादलीही नको, असं लिहिलं असतं तर ते कळलं असतं. पोटाच्या स्नायूला स्टोमासाठी कायमचं भोक पडलेलं असतं. जोर पडला की आतडं त्या बाजूने कातडीखाली सरकतं आणि हर्निया होतो, स्टोमाभोवती फुगवटा दिसतो, चकती पुन्हा बसेनाशी होते. हमालीला परतणं काकांना शक्य नव्हतं आणि ते डिस्चार्जच्या आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं, म्हणजे घर त्या दृष्टीने तयारीला लागलं असतं. खोकताना, शिंकताना स्टोमावर हात दाबून धरायचा, ही साधी सवय मात्र कुणालाही लावून घेता येते.

वापरलेली पिशवी संडासात टाकून पाणी ओतलं की इमारतीचा पाइप तुंबतो. आधी ती रिकामी करायची, वर्तमानपत्रात गुंडाळून बंद प्लास्टिक पिशवीत घालायची आणि डायपर, सॅनिटरी पॅड यांच्याबरोबर वेगळी द्यायची. भारतीय पद्धतीच्या संडासात पिशवी रिकामी करताना गुडघ्यांवर बसवत नसेल तर छोट्या स्टुलावर बसून, खाली मग धरून करता येतं.

काही वेळा घरी उपाय करत बसायचं नसतं. स्टोमा जांभळा किंवा काळा पडला, दाबून धरूनही रक्त थांबेना, आतडं बोटभर बाहेर आलं किंवा कातडीच्या आत खचलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. पोटात कळा येताहेत, उलटी होते आहे आणि काही तास पिशवीत मळ नाही, वायूही नाही, तर रात्र काढायची नाही आणि जुलाबाची गोळी तर मुळीच घ्यायची नाही. कळा नाहीत, उलटी नाही, फक्त एक दिवस मळ आला नाही, तर पाणी वाढवून वाट बघता येते.

काकूंना पुढे बाह्यरुग्ण विभागात दुसऱ्या सिस्टरनी पुन्हा माप घेऊन 30 मिलीमीटरचं भोक दाखवलं, पावडर दिली, पेस्ट फक्त खालच्या खळग्यापुरती ठेवली. दोन आठवड्यांत कातडी भरून आली आणि चकती पुन्हा चार दिवस टिकू लागली. यासाठी नवं औषध किंवा महागडी पिशवी लागली नाही.

तुमच्या घरात कुणी असं ऑपरेशन होऊन परतणार असेल तर डिस्चार्जच्या आधी दोन गोष्टींचा आग्रह धरा. सिस्टरसमोर रुग्णाने स्वतः, आणि घरातल्या एकाने, प्रत्येकी एकदा तरी चकती बदलून दाखवावी. नुसतं बघून हे येत नाही. आणि कागदावर आजचं माप, आजची तारीख आणि पुन्हा मोजायची तारीख लिहून घ्या. सामानासाठी, किंवा याच वाटेने गेलेल्या कुणाशी बोलायचं असेल तर मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे. त्यांचा पत्ता वॉर्डातल्या सिस्टरकडून त्याच वेळी मागून घ्या.